बियाण्याच्या फोटोखालची ओळ

माझ्या भावाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहायचं काम लग्न होऊन आल्यापासून माझ्या वहिनीकडे होतं. हा आतून मजकूर सांगायचा, ती बाहेर स्टुलावर चढून लिहायची. पुढे फोन आले, शेतकऱ्यांचा ग्रुप झाला, फळ्याऐवजी फोटो आणि त्याखाली मजकूर असा प्रकार सुरू झाला. त्याला सगळे कॅप्शन म्हणायला लागले. माझा भाऊ म्हणायचा, "कॅप्शन म्हणा नाहीतर कप्पाळ म्हणा, सांगणार मी आणि लिहिणार ही."

बी-बियाणं आणि खतांचं दुकान खाली, मागे त्यांच्या दोन खोल्या, आणि वरच्या मजल्यावर मी आणि माझं शिलाई मशीन. लग्न मी केलं नाही. करायचं नव्हतं, एवढंच. उगाच कोणी हळहळू नये. मशीन खिडकीशी आहे, त्यामुळे दुकानात कोण आलं, कोण रागावून गेलं, कोणी काय नेलं हे मला शिवता शिवता दिसतं. वहिनी म्हणते, "वन्सं, तुम्हाला खिडकीसकट दुकानाच्या पगारावर ठेवायला हवं."

तिला स्वतःचं असं मत फार नसायचं, निदान ती तसं दाखवायची. गिऱ्हाईकानं काही विचारलं की "यांना विचारते हं" म्हणून आत जायची आणि तेच उत्तर घेऊन यायची जे तिला आधीपासून ठाऊक होतं. मी एकदा चिडून म्हटलं, "अगं, माहीत आहे ना तुला? मग सांगून मोकळी हो की!" तर म्हणाली, "सांगते हो. पण यांना विचारलेलं आवडतं." मी कपाळाला हात लावला आणि बाही जोडायला घेतली.

पेरणीचा हंगाम आला की त्या दोघांचा ठरलेला क्रम असायचा. सोयाबीनच्या बियाण्याचा ट्रक आला की भाऊ सगळी कामं सोडून रस्त्यावर. सोयाबीनचं साल अगदी पातळ असतं. बॅग उंचावरून आदळली की आतला अंकुर दुखावतो, आणि वरून बी दिसतं मात्र छान टपोरं. म्हणून हा ट्रकच्या मागे हात वर करून उभा राहायचा आणि ओरडायचा, "टाकायची नाही, ठेवायची! खांद्यावरून उतरव, हातानं ठेव!" हमाल हसायचे. मुकादम म्हणायचा, "शेठ, बॅगेला अंगाई पण म्हणू का?" "म्हण की! तुझ्या आवाजानं उठून बसेल ती." असं चालायचं. मग बॅगा लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून जरा लांब, पाच-सहा थरांच्या वर नाही.

त्यानंतर वहिनीचं काम. वेगवेगळ्या बॅगांमधून थोडं थोडं बी काढायचं, त्यातले शंभर दाणे न निवडता मोजून घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. सुकू द्यायची नाही, पाण्यात बुडवायचीही नाही. चार-पाच दिवसांनी उलगडून चांगले मोड किती आले ते मोजायचं. कंपनीच्या पिशवीला उगवणीचा टॅग असतोच, तरी भाऊ आपलं स्वतःचं बघितल्याशिवाय एक पिशवी विकायचा नाही. त्या उलगडलेल्या गोणपाटाचा फोटो काढायचा आणि त्याखाली मजकूर. तो आता माझ्याही तोंडपाठ आहे:

"सोयाबीन, तूर, मका यांचं बियाणं आलं आहे. सोयाबीनची आमच्याकडे तपासलेली उगवण फोटोत बघा. डीएपी, पोटॅश, सुपर फॉस्फेट, जिवाणू खत उपलब्ध. जमिनीत पुरेशी ओल झाल्याशिवाय पेरू नका. बी बोटाच्या दोन पेरांपेक्षा खोल जाऊ देऊ नका. खत आणि बी एकमेकांत मिसळू नका, खत बियाण्याच्या बाजूला आणि थोडं खाली पडू द्या. बीजप्रक्रिया करताना आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, जिवाणू खत सगळ्यात शेवटी, आणि सावलीत सुकवून लगेच पेरा. हातमोजे घाला. औषध लावलेलं बी माणसांनी खायचं नाही, गुराकोंबड्यांना घालायचं नाही. खत किती, ते माती तपासून ठरवा, शेजाऱ्याचं बघून नाही. बिल मागून घ्या, पिशवी आणि टॅग पीक निघेपर्यंत जपा."

शेजाऱ्याचं बघून नाही, हे त्याचं आवडतं वाक्य. वहिनी दरवर्षी म्हणायची, "अहो, हे काढू या का? लोकांना टोमणा वाटतो." तो म्हणायचा, "टोमणाच आहे तो. पाठव." आणि मग जरा वेळानं आतून हाक यायची, "अगं, पाठवलंस का?" "पाठवलं हो." दर हंगामाला हे दोन शब्द मी वरून ऐकत आले.

मग तो आजारी पडला. पोटाचं दुखणं, बरेच दिवस अंगावर काढलेलं. इस्पितळात नेलं तोवर आतून सगळं पोखरलं होतं. डॉक्टर मला बाजूला घेऊन जे बोलले ते मी इथे पुन्हा सांगत नाही. मला ते सांगवत नाही.

वहिनी इस्पितळ आणि घर अशा खेपा घालत होती. डबा, धुणं, औषधं, मध्येच दुकानाचं कुलूप उघडून दोन गिऱ्हाइकं. अशाच एका दुपारी ती डबा घ्यायला घरी आली, आणि नेमका तेव्हाच सोयाबीनचा ट्रक दारात येऊन उभा राहिला. त्याच वेळी इस्पितळातून फोन, पेशंटला पुन्हा उलट्या सुरू झाल्यात, घरचं माणूस लगेच या. तिच्या एका हातात डबा, दुसऱ्यात फोन, आणि समोर मुकादम विचारतोय, "वहिनी, उतरवायच्या ना?" मी खिडकीतून पाहत होते. ती म्हणाली, "उतरवा, पण पटापट! टाका कशाही, मला जायचंय." आणि हमालांच्या पोरांना तेवढंच हवं असतं. ट्रकच्या फळीवरून थेट खाली, धप, धप, धप. पत्र्याच्या भिंतीला टेकवून छताला लागेपर्यंत थप्पी लावली. मी वरून ओरडले, "अरे हळू!" एकानं वर बघितलं आणि पुढची बॅग टाकली. मी जिना उतरेपर्यंत वहिनी रिक्षात बसली होती आणि ट्रक निम्म्याहून अधिक रिकामा झाला होता.

तिला दोष कोण देणार? मी तरी देणार नाही. तिच्या नवऱ्याच्या जिवावर बेतलं होतं, तिला बॅगा दिसतच नव्हत्या.

थप्पी तशीच राहिली. दुपारचं ऊन त्या पत्र्यावर पडायचं. काही दिवसांनी डॉक्टरांनी भावाला घरी न्यायला सांगितलं. घरी न्या म्हणजे काय ते आम्हा दोघींना कळलं आणि त्यालाही कळलं. दुकानामागच्या खोलीत खाट टाकली. तिथून भिंतीपलीकडचं बोलणं ऐकू येतं. आल्या आल्या त्यानं पहिलं काय विचारलं असेल?

"सोयाबीन आलं का?"

"आलं."

"गोणपाट मांडलंस?"

"मांडते हो. आधी पाणी तरी प्या."

त्याच संध्याकाळी तिनं शंभर दाणे मांडले. माझ्या जिन्याखाली सावलीत गुंडाळी ठेवली. रोज पाणी शिंपडायची आणि दर वेळी एक कोपरा उचलून बघायची. मी म्हटलं, "सारखं उघडून बघितलंस म्हणजे लवकर उगवेल का?" ती हसली नाही. एरवी ह्यावर ती मला दोन शब्द सुनावल्याशिवाय राहिली नसती. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

उलगडायच्या दिवशी तिनं मला खाली बोलावलं. गोणपाटावर बघवत नव्हतं. काही दाणे फुगून बसलेले, काहींची डाळ होऊन दोन फाका झालेल्या, काहींवर पांढरी बुरशी, काहींचे मोड वाकडेतिकडे. ती एकेक चांगला मोड बोटानं बाजूला करत मोजत होती. पन्नासच्या पुढे जेमतेम गेली. पुन्हा मोजलं. तेवढेच. सत्तरच्या खाली उगवण असलेलं सोयाबीन बियाणं म्हणून विकता येत नाही, हे आमच्या घरात भिंतींनाही माहीत आहे. पिशवीच्या टॅगवर तर चांगली उगवण लिहिलेली. म्हणजे बी कंपनीतून निघताना धड होतं. मोडलं ते आमच्या दारात.

"वन्सं," ती म्हणाली, "माझ्यामुळे झालं हे."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आतून हाक आली, "अगं, किती आले?"

ती तिथेच बसून राहिली. पुन्हा हाक आली, ह्या वेळी खोकत. ती उठली, पदराला हात पुसले आणि आत गेली. मी दारात उभी होते. भावाचा चेहरा पिवळा पडलेला, पण डोळे मात्र ट्रकची वाट बघताना असायचे तसेच.

"ब्याऐंशी," ती म्हणाली.

"ब्याऐंशी!" तो खूश झाला. अगदी खूश झाला हो, उशीवरून मान उचलायला लागला. "बघ, म्हटलं होतं ना? चल, लिही." आणि त्यानं सगळा मजकूर सांगितला, धापा टाकत, मध्ये मध्ये थांबत. शेजाऱ्याचं बघून नाही, हेसुद्धा. ती फोनवर लिहीत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी फोनवर पडत होतं. त्याला वाटलं ती त्याच्या तब्येतीपायी रडतेय. "अगं, रडतेस काय, ब्याऐंशी आलेत! पाठवलंस का?"

"पाठवलं."

पाठवलं नव्हतं. बाहेर येऊन तिनं ते सगळं पुसून टाकलं आणि दुसरंच पाठवलं, फोटोशिवाय: "सोयाबीनची उगवण तपासणीत कमी आली आहे. आमच्याकडून या हंगामात सोयाबीन बियाणं मिळणार नाही. घरचं बी असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून तपासा. इतर बियाणं आणि खतं उपलब्ध." एवढंच. कारण लिहिलं नाही. तिच्या आयुष्यातला तो तिनं स्वतः लिहिलेला पहिला मजकूर, आणि मी तिला तसं म्हटलंही. नको ते बोलून गेले.

मला राग आला होता, लपवत नाही. म्हटलं, "हे किती दिवस चालणार? भिंतीपलीकडे गिऱ्हाईक येणार, सोयाबीन मागणार, त्याला ऐकू जाणार नाही का?" ती म्हणाली, "मी बाहेर रस्त्यावरच बोलीन." आणि खरंच, कोणी येताना दिसलं की ही पायऱ्या उतरून पुढे, रस्त्याच्या पलीकडे नेऊन हळू आवाजात सांगायची. लोकांना वाटलं, बाई चळल्या. काही जण कुरकुरले, ऐन पेरणीच्या तोंडावर काय हे! काही कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. आतून भाऊ विचारायचा, "गर्दी आहे का गं?" "आहे हो." "मग आवाज का येत नाही?" "सगळे फोनवरच नोंदवतात आता." ह्यावर तो म्हणायचा, "बरं झालं, तुझ्या डोक्याचा ताप वाचला." ती बाहेर येऊन माझ्या जिन्यावर बसायची आणि हमसून हमसून रडायची. तिच्या त्या रडण्यानं माझं मशीन चालेना.

ती एकदा म्हणाली, "खरं सांगितलं तर ते लगेच विचारतील, बॅगा कोणी उतरवल्या. मी त्यांना सांगू, तुमच्यासाठी धावताना तुमचं बी मारलं? आता ह्या दिवसांत सांगू?"

तिचंही चूक नव्हतं, आणि माझंही. तरी मी गप्प राहिले, कारण नवरा तिचा होता.

पण एक माणूस तिच्या हातून निसटला. सायकलवाले आबा म्हणून आमचं जुनं गिऱ्हाईक, भावाच्याच वयाचे, ऐकायला कमी आणि बोलायला जोरात. ते बियाण्यासाठी आलेच नव्हते, त्याला भेटायला आले होते. वहिनी आत चहा करत होती आणि ते सरळ खाटेशी जाऊन बसले. चहा येईपर्यंत त्यांनी सगळं बोलून टाकलं, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

"छान केलंस बाबा! उगवण कमी आली म्हणून विकलंच नाहीस. दुसरा कोणी असता तर गपचूप खपवलं असतं. मी घरचं बी तपासलं तुमच्या सांगण्यावरून, पंचाहत्तर आले. तुझ्याकडचे किती आले होते?"

कप बशीवर वाजला, तेही मला वर ऐकू आलं. मी धावत खाली गेले. वहिनी दारात उभी होती, हातात ट्रे घेऊन. भाऊ तिच्याकडे बघत होता.

"कमी आले, आबा," तो शांतपणे म्हणाला. "सत्तरच्या खाली."

आबांनी चहा घेतला, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि गेले. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. ते गेल्यावर त्यानं विचारलं, जे तो विचारणार हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"बॅगा कोणी उतरवल्या?"

ती खाली बसली. खाटेच्या लोखंडी पायाला डोकं टेकवून तिनं सगळं सांगितलं. ट्रक, फोन, उलट्या, 'टाका कशाही'. एकेक शब्द. "मीच म्हणाले टाका. मीच. अहो, मला काही सुचत नव्हतं." तो ऐकत राहिला. मला वाटलं आता हा चिडणार, कारण बॅगेवरून तो कोणावरही चिडायचा, एकदा तर माझ्यावरही, मी नुसती टेकून बसले होते म्हणून.

तो चिडला नाही. त्याचा हात उचलला जात नव्हता, तरी त्यानं तो तिच्या डोक्यावर नेला. "मी ओकत होतो, त्यात तुझा काय दोष?" एवढंच म्हणाला. मग, "ब्याऐंशी! निदान सत्त्याहत्तर तरी म्हणायचं. माझा लगेच विश्वास बसायला नको होता." ती रडता रडता हसली आणि मग आणखीच रडली. मीही. मग म्हणाला, "फोन आण. लोकांना कारण सांगितलं नाहीस तू. नुसतं कमी आली म्हटलं की लोक कंपनीला दोष देतात. कंपनीचं बी धड होतं. आणि लोकांच्या घरीपण बॅगा आहेत, तेही आदळतात. सांगायला हवं. लिही."

ती लिहू लागली. आवाज इतका बारीक की मी कान जवळ नेला.

"सोयाबीनच्या बॅगा उतरवताना आदळल्या आणि पत्र्यालगत उंच रचल्या, म्हणून उगवण गेली. बियाण्यात दोष नव्हता. हे माझ्या हातून झालं—"

तिचं बोट थांबलं. "तुमच्या हातून? तुम्ही इस्पितळात होता!"

"लोकांना काय माहीत, ट्रक आला त्या दिवशी मी कुठे होतो ते. मुकादम आपला आहे, तो बोलणार नाही."

"मी नाही लिहिणार."

"अगं, मी चाललोय. मला कोण काय बोलणार, आणि बोललं तरी मी ऐकायला कुठे आहे? तुला ह्या गल्लीत दुकान चालवायचंय. हंगामाला हंगाम, त्याच लोकांत. लिही म्हणतो ना."

मला खोलीत उभं राहवेना, पण जाताही येईना. तिनं लिहिलं. पुढे त्यानं सांगितलं, "सोयाबीनची बॅग टाकू नका, ठेवा. लाकडी फळीवर, भिंतीपासून दूर, पाच-सहा थरांच्या वर नको. उन्हात, पत्र्याजवळ नको. खताच्या पोत्यांशेजारी बी ठेवू नका. घरचं बी तपासूनच पेरा." आणि मग माझ्याकडे वळून, "तू बघ गं, खरंच गेलं का. हिचा आता भरवसा नाही."

मी फोन हातात घेऊन बघितलं. "गेलं," म्हटलं. त्यानं डोळे मिटले.

त्या वर्षी पेरण्या आटोपल्या तेव्हा तो नव्हता. ती सोयाबीनची थप्पी औषध न लावलेली होती म्हणून तेलाच्या गिरणीला गेली. जाताना वहिनीनं हमालांना एकेक बॅग हातानं ठेवायला लावली. मुकादम म्हणाला, "वहिनी, आता हे गाळायलाच चाललंय." ती म्हणाली, "ठेवा तरी."

भेटायला लोक यायचे. समोर बसायचे, मग काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलायचे. "जन्मभर बॅगेला कोणाला हात लावू दिला नाही, आणि शेवटी त्यांच्याच हातून आदळल्या बघा." "आजारपणात माणसाचं लक्ष उडतं." "चालायचंच." वाईट कोणी बोललं नाही. प्रत्येक जण त्याला माफ करत होता. आणि वहिनी भिंतीला पाठ टेकून मान खाली घालून बसलेली. प्रत्येक माफी तिच्या काळजात कशी घुसत असेल ते मी तिच्या शेजारी बसून बघत होते. एकदा तिनं तोंड उघडलं, "नाही हो, ते—" आणि गप्प झाली. तो म्हणाला होता ना, लिही म्हणून. त्याची शेवटची गोष्ट मोडवेना तिला.

वर्षभर ती तशीच. दुकान उघडायची, बंद करायची. कोणी काही विचारलं की "यांना विचारते" म्हणायला तोंड उघडायची आणि मध्येच थांबायची. मग स्वतःच सांगायची, बरोबर सांगायची, पण आवाज मेलेला. मी तिला हसवायला बघितलं. तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवली, तिच्या ब्लाऊजला मुद्दाम वेगळ्या रंगाचं बटण लावून दिलं. तिनं ते तसंच घातलं. बघितलंसुद्धा नाही.

आणि पुन्हा हंगाम आला. ट्रकचा आवाज ऐकून मी खिडकीत गेले. ती आधीच रस्त्यावर होती, ट्रकच्या मागे, पदर खोचून, हात वर करून. "टाकायची नाही, ठेवायची! खांद्यावरून उतरव, हातानं ठेव!" आवाज फाटला तिचा. तिला ओरडायची सवयच नव्हती कधी. पोरं दचकली. मुकादम ह्या वेळी काही चेष्टा करायला गेला नाही. त्यानं स्वतः पहिली बॅग दोन्ही हातांनी फळीवर ठेवली.

शंभर दाणे मांडले, गुंडाळी जिन्याखाली गेली. उलगडायला तिनं मला बोलावलं. पांढरे, सरळ, जाडजूड मोड, ओळीनं. मी मोजले, मग तिनं मोजले. आकडा ब्याऐंशी आला नाही, एकोणऐंशी आला. तशी कथा मी रचली असती तर ब्याऐंशी आणला असता, पण मी रचत नाहीये.

तिनं फोटो काढला. पायरीवर बसून लिहायला लागली. मी म्हटलं, "सांगू का मजकूर? मला पाठ आहे." "नको," म्हणाली. बराच वेळ लिहीत होती, पुसत होती, पुन्हा लिहीत होती. मी वर जाऊन मशीनवर बसले. थोड्या वेळानं माझ्या फोनवर वाजलं.

सगळं जिथल्या तिथे होतं. आलेलं बियाणं, आलेली खतं, उगवण एकोणऐंशी, ओल, दोन पेरं, आधी बुरशीनाशक आणि शेवटी जिवाणू खत, हातमोजे, बिल आणि टॅग. शेजाऱ्याचं बघून नाही, हेही होतं. बॅग टाकू नका, ठेवा, हेही. आणि सगळ्यात खाली:

"मागच्या हंगामात बॅगा माझ्यामुळे आदळल्या. टाका कशाही, असं मी म्हणाले होते. तेव्हा हे इस्पितळात होते. यांनी जन्मात एक बॅग आदळू दिली नाही. मला बोल लागू नये म्हणून त्यांनी स्वतःवर घेतलं होतं. ज्यांनी यांना माफ केलं त्यांनी ते परत घ्यावं, आणि काय बोलायचं ते मला दुकानात येऊन बोलावं. दुकान सकाळी उघडतं."

मी खाली गेले तेव्हा ती अजून पायरीवरच होती. फोन मांडीवर उपडा ठेवलेला.

"गेलं का, वन्सं?"

"गेलं."

"नक्की बघितलंत ना? माझा भरवसा नाही."

"नक्की गेलं गं."

फोन मांडीवर वाजायला लागला, एकापाठोपाठ एक. तिनं तो उचलला नाही. मी उलटून बघितला. सायकलवाल्या आबांचं होतं पहिलं: उद्या येतो, दोन पिशव्या बाजूला ठेव, टाकू नको. मी तिला वाचून दाखवलं. ती उठली. दुकान ओलांडून मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेली. खाट आम्ही केव्हाच हलवली होती, तिथे आता मक्याच्या पिशव्या आहेत. ती चौकटीला धरून उभी राहिली आणि खाटेच्या त्या कोपऱ्याकडे बघत म्हणाली, "अहो, पाठवलं. खरंच पाठवलं हो."